लिफ्ट एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल करारांचं, बजेट २०२५-२६ : गृहीतकांच्या शीटच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "एप्रिलपासून एएमसीचे दर ८ ऐवजी ६ टक्केच वाढवले, तर वर्षाला किती फरक पडेल?" सकाळी अकराला फाईल उघडली ती चारला बंद केली, आणि हाती दोन वेगळी उत्तरं आली. विक्रीच्या शीटमध्ये दर बदलला तर एक आकडा, रोकड प्रवाहाच्या शीटमध्ये बदलला तर दुसरा. साहेब काही बोलले नाहीत, चहा मात्र परत पाठवला.

फाईल काकांनी बांधलेली. काका मार्चअखेर निवृत्त होतायत. सतरा शीट आहेत आणि प्रत्येकीत आकडे थेट फॉर्म्युल्यातच टाकलेले. त्यांच्या डोक्यात सगळा नकाशा आहे, त्यामुळे त्यांचं कधी अडलं नाही. एप्रिलपासून अडणार आहे ते माझं. म्हणून ठरवलं की वाढीचे दर, भाव आणि माणसांची संख्या हे सगळं एका वेगळ्या शीटवर आणायचं, नाव `Assump`. बाकीच्या शीटनी आकडे तिथूनच उचलायचे.

८ जानेवारी, बुधवार

आधी लपलेले आकडे शोधायला बसले. Go To Special मधून Constants निवडलं की हाताने टाइप केलेले आकडे रंगवता येतात, पण फॉर्म्युल्याच्या पोटात दडलेला `*1.08` त्यात सापडत नाही. त्यासाठी Find मध्ये Look in ला Formulas ठेवून, Within ला Workbook करून `1.08` शोधलं. ३७ सेल निघाले. मग सहज म्हणून `1.07` शोधलं तर दोन सेलमध्ये `1.075` मिळाला. रोकड प्रवाहाचं वेगळं उत्तर तिथूनच येत होतं. गेल्या वर्षी दर साडेसात टक्के धरला होता, यंदा सगळीकडे बदलला आणि ते दोन राहून गेले.

काकांना दाखवलं. म्हणाले, "अगं, ते दोन मला दरवर्षी लक्षात असतात."

प्रत्येक आकडा काही गृहीतक नसतो. `/12` मधले बारा महिने बदलणार नाहीत, त्यांना `Assump` वर नेऊन कोणाचंच भलं होणार नाही. उद्या कोणी बैठकीत ज्याच्याविषयी "हा का धरला?" असं विचारू शकेल, तोच आकडा तिकडे न्यायचा. ही कसोटी लावल्यावर दोनशेच्या वर आकड्यांतून २६ उरले.

१० जानेवारी, शुक्रवार

शीटची आखणी झाली. प्रत्येक ओळीत गृहीतकाचं नाव, एकक, आकडा, कधीपासून लागू, कशावरून धरला आणि कोणी सांगितला. आकडे टाइप करायचे सेल निळ्या अक्षरात, फॉर्म्युले काळ्या. कोणीही निळ्याला हात लावावा, काळ्याला लावू नये.

सगळ्यात जास्त वेळ एककाने खाल्ला. "दर ४८,०००" एवढंच लिहून भागत नाही. लिफ्टमागे की सोसायटीमागे, वर्षाला की तिमाहीला, जीएसटी धरून की सोडून? जुन्या फाईलमध्ये एका ठिकाणी १८ टक्के जीएसटी धरलेला दर विक्री म्हणून बसला होता. आता D6 समोर स्पष्ट आहे : रुपये, एका लिफ्टचे, एका वर्षाचे, जीएसटी वगळून, ३१ मार्चला चालू असलेल्या करारांची सरासरी. त्याच्या वर D5 मध्ये त्याच तारखेच्या अंदाजे लिफ्ट, ६००.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. वहिनींनी ऑफिसात तिळगूळ वाटला आणि आज मी काकांशी भांडले. गोड बोलायला एक दिवस पुरला.

भांडण वाढीच्या दरावरून. जुन्या फाईलमध्ये पुढच्या वर्षाची विक्री अशी काढली होती : यंदाची अपेक्षित विक्री २.७२ कोटी, त्यावर १२ टक्के वाढ, आणि त्यावर ८ टक्के दरवाढ. उत्तर ३.२९ कोटी. मी विचारलं, १२ टक्के कुठून आले? काका म्हणाले, गेल्या वर्षीच्या २.४३ कोटींवरून २.७२ झाले, म्हणजे साधारण तेवढीच वाढ. बरोबर आहे. पण त्या वाढीत गेल्या वर्षीची दरवाढ आधीच मुरलेली आहे. सरासरी लिफ्ट ५३५ वरून ५७५ झाल्या, म्हणजे साडेसात टक्के. उरलेले चार-सव्वाचार टक्के भावाने दिले. रुपयातली वाढ धरून वर पुन्हा भाव चढवला म्हणजे भाव दोनदा मोजला.

काका अर्धा तास मानेनात. शेवटी मी कागदावर ५३५, ५७५, २.४३ आणि २.७२ एवढे चारच आकडे लिहून त्यांच्यापुढे सरकवले आणि डबा खायला गेले. परत आले तेव्हा कागदावर त्यांच्या अक्षरात "१.०७५ × १.०४" लिहिलेलं होतं.

आता `Assump` वर "विक्री वाढ" नावाची ओळच नाही. दरमहा किती नव्या लिफ्ट येतील, किती जातील आणि दर किती वाढेल अशा तीन वेगळ्या ओळी आहेत. विक्रीतली वाढ ही शेवटी दिसणारी गोष्ट आहे, ती धरायची नाही.

२० जानेवारी, सोमवार

लिफ्टच्या संख्येसाठी सर्व्हिस मॅनेजरकडे कुर्ल्याच्या वर्कशॉपवर गेले. दरमहा ४ नव्या लिफ्ट धरा म्हणाले, दुसऱ्या कंपन्यांकडून आपल्याकडे वळणाऱ्या. नव्याकोऱ्या इमारती मोजू नका, तिथे सुरुवातीला लिफ्ट बसवणाराच देखभाल बघतो.

जाणाऱ्या लिफ्टसाठी टक्का मागितला तर हसले. "टक्का कशाला? यादीच देतो." एका सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय, तिच्या ३ लिफ्ट ऑगस्टपासून बंद. दुसरीच्या ५ नोव्हेंबरपासून. मुंबईत आमचा करार बहुतेक वेळा सोसायटी रुसली म्हणून जात नाही, इमारतच पाडतात म्हणून जातो. आणि ते वर्षभर आधी कळतं, कारण सोसायटीच्या सभेतली चर्चा वॉचमनकडून आमच्या टेक्निशियनपर्यंत येतेच. जे नावानिशी माहीत आहे तिथे टक्का लावायचा नाही. दोन ओळी यादी म्हणूनच टाकल्या, महिन्यासकट.

२७ जानेवारी, सोमवार

आजचा सगळा दिवस D8 या एका सेलवर गेला. दरवाढ ८ टक्के.

जुन्या फाईलमध्ये एप्रिलपासून सगळ्या करारांवर ८ टक्के लागत होते. ६०० लिफ्ट, ४८,००० रुपये, म्हणजे पाया २.८८ कोटी, आणि वाढ २३.०४ लाख. पण सोसायटीशी करार वर्षाचा असतो. जिचं नूतनीकरण ऑक्टोबरात आहे ती सप्टेंबरपर्यंत जुन्याच दराने पैसे देणार, आपण एप्रिलात कितीही ठरवलं तरी. "८ टक्के" हा आकडा बरोबर होता, तो लागू व्हायची तारीख चुकली होती.

म्हणून वहिनींकडून करारांची वही घेतली आणि कुठल्या महिन्यात किती लिफ्टचं नूतनीकरण आहे ते मोजलं :

- एप्रिल १५६, मे ३०, जून ४८
- जुलै ६०, ऑगस्ट ४२, सप्टेंबर ३६
- ऑक्टोबर ६६, नोव्हेंबर ३०, डिसेंबर २४
- जानेवारी ५४, फेब्रुवारी २४, मार्च ३०

बेरीज ६००, जुळली. ही ओळ `Assump` वर E20 ते P20 मध्ये गेली. एप्रिलातल्या १५६ लिफ्टना नवा दर बारा महिने मिळेल, मेमधल्या ३० ना अकरा, असं करत मार्चमधल्या ३० ना एकच महिना. गुणून बेरीज केली की ४,६९२ लिफ्ट-महिने होतात. सगळ्यांना एप्रिलपासून दर लागला असता तर ७,२०० झाले असते. दरवाढ महिन्याला एका लिफ्टमागे ३२० रुपये, म्हणजे वर्षभरात १५.०१ लाख. जुन्या हिशेबात ८ लाख हवेतले होते.

विक्रीच्या शीटमध्ये दरवाढीच्या ओळीत एप्रिलच्या रकान्यात हा फॉर्म्युला, मग उजवीकडे ओढायचा :

```
=Assump!$D$6/12*Assump!$D$8*SUM(Assump!$E$20:E$20)
```

बेरजेचं पहिलं टोक डॉलरने बांधलेलं आहे, दुसरं मोकळं. त्यामुळे प्रत्येक महिन्यात तोवर नूतनीकरण झालेल्या सगळ्या लिफ्ट मोजल्या जातात. एप्रिलात ४९,९२० रुपये यायला हवेत, आले.

करार वर्षभर सारखे पसरलेले असते, दरमहा ५०, तर हाच आकडा १२.४८ लाख निघाला असता. एप्रिलात आमचे करार जास्त आहेत म्हणून थोडं बरं झालं. बरेचजण अशा ठिकाणी "अर्धी वाढ" धरून मोकळे होतात. वही हाताशी असताना तसं कशाला करायचं?

एक मर्यादा लिहून ठेवते. हा फॉर्म्युला सहाशेच्या सहाशे लिफ्ट राहतील असं धरतो. जाणाऱ्या ८ वेगळ्या ओळीत वजा होतात, पण त्यांची दरवाढ वजा होत नाही. फरक काही हजारांचा आहे. तेवढ्यासाठी फॉर्म्युला किचकट करणार नाही.

२९ जानेवारी, बुधवार

विक्री पूर्ण जोडली. पाया २८८ लाख, दरवाढ १५.०१, नव्या लिफ्ट १२.४८, जाणाऱ्या वजा १.९६. एकूण ३१३.५३ लाख. जुनी फाईल ३२९ सांगत होती. साहेबांना सांगायला काकाच गेले, मला म्हणाले, "तू नको, तुझ्यावर चिडतील." अर्ध्या तासाने बाहेर आले, म्हणाले, "चिडले, पण माझ्यावर."

४ फेब्रुवारी, मंगळवार

माणसं. पगाराच्या शीटमध्ये टेक्निशियन १५. लोकलच्या पासाच्या खर्चात १८. गणवेशात १६. एकच टीम, तीन शीटवर तीन संख्या. १८ चं मूळ सापडलं : दोन वर्षांपूर्वी तीन हेल्पर होते, ते गेले, त्यांचे पास मात्र अजून निघतायत, कागदावर तरी. आता सगळ्या शीट `Assump` वरच्या एकाच ओळीतून महिनावार संख्या घेतात.

पण ती संख्या कशी धरायची? मी हौसेने फॉर्म्युला घातला : ४० लिफ्टमागे एक टेक्निशियन, ROUNDUP ने पूर्णांकात. सहाशेला बरोबर १५. एप्रिलात लिफ्ट ६०४ होतात आणि फॉर्म्युला लगेच १६ म्हणतो. सर्व्हिस मॅनेजरना फोन केला. "चार लिफ्टसाठी माणूस कोण ठेवतो हो? ४४ पर्यंत माझी पोरं ओढतात. त्याच्यापुढे तक्रारी सुरू होतात." वर्षअखेरीस लिफ्ट ६४० होणार, भागिले १५, म्हणजे माणशी ४२.७. यंदा सोळावा लागतच नाही. फॉर्म्युल्यावर विसंबले असते तर एका माणसाचा बारा महिन्यांचा पगार बजेटमध्ये फुकट बसला असता.

मग त्यांनीच पुढचं सांगितलं. नवीन मुलाला एकट्याने रूट सांभाळायला तीन महिने लागतात, आणि पुढच्या एप्रिल-मेमध्ये ४४ ची रेषा जवळ येतेय. म्हणून जानेवारी २०२६ पासून एक भरती धरा.

तर आता माणसांची संख्या फॉर्म्युल्याने निघत नाही. ती टाइप केलेली आहे, रुजू होण्याच्या महिन्यासकट. खाली फक्त एक पहारेकरी ओळ आहे, माणशी लिफ्ट किती ते दाखवणारी, ४४ च्या वर गेली की लाल होते. माणूस ठेवायचा निर्णय माणसानेच घ्यावा, शीटने फक्त आठवण करावी.

५ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींनी पगाराची बाजू तपासली आणि एक गोष्ट पकडली. नवख्या टेक्निशियनचा पगार १९,८०० आहे, जुलैत ७ टक्के वाढ धरली की २१,१८६ होतो. ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, पगारमर्यादा २१,००० आहे, म्हणून मी जुलैपासून मालकाचा ३.२५ टक्के हिस्सा बंद केला होता. वहिनी म्हणाल्या, "असं मध्येच बंद होत नाही गं. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ, तो संपेपर्यंत भरावंच लागतं." म्हणजे ऑक्टोबरपासून बंद. रक्कम किरकोळ आहे, पण दर आणि मर्यादा यांच्यासोबत "कधीपासून" हा रकाना का हवा ते पुन्हा कळलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोठी फजिती. सुट्या भागांच्या भाववाढीचा आकडा सर्व्हिस मॅनेजरनी त्यांच्या फाईलमधून कॉपी करून थेट `Assump` मध्ये पेस्ट केला. त्यांच्याकडे तो साधा ८ असा होता. माझ्या सेलमध्ये टक्क्याचा फॉरमॅट होता, तिथे ८ टाइप केला असता तर ८ टक्केच झाला असता. पेस्ट करताना मात्र त्यांचा फॉरमॅटही आला आणि ८ म्हणजे ८०० टक्के झाले. सुट्या भागांचा खर्च नऊपट. तो ठसठशीत दिसला म्हणून वाचले. हाच प्रकार चहापाण्याच्या ओळीत झाला असता तर मे महिन्यातच कळलं असतं.

मी आधीच Data Validation लावून ठेवलं होतं, पण ते टाइप करणाऱ्याला अडवतं, पेस्ट करणाऱ्याला नाही. उलट पेस्टबरोबर तेही पुसलं गेलं. म्हणून प्रत्येक टक्क्याच्या ओळीच्या शेवटी तपासणीचा वेगळा सेल टाकला :

```
=IF(AND(ISNUMBER(D8),D8>=0,D8<=0.25),"OK","पहा")
```

ISNUMBER अशासाठी की कधी आकडा अक्षर बनून येतो, दिसायला तसाच, पण बेरजेत धरला जात नाही. शीटच्या माथ्यावर किती "पहा" आहेत त्याची मोजणी आहे. शून्य नसेल तर फाईल पुढे पाठवायची नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांचा सहा जानेवारीचा प्रश्न आता एका मिनिटात सुटतो. एक टक्का दरवाढ म्हणजे वर्षाला १.८८ लाख. ८ ऐवजी ६ केले तर पावणेचार लाख कमी. फक्त त्यांना एकाच कागदावर ४ ते १० टक्के हवे होते, म्हणून Data Table लावायला घेतला.

निकालाच्या शीटवर टेबल मांडलं, Column input cell म्हणून `Assump!$D$8` दिला. एक्सेल म्हणालं, `Input cell reference is not valid`. तासभर स्पेलिंग तपासत बसले. मग लक्षात आलं की Data Table ला इनपुट सेल त्याच शीटवर लागतो, जिथे टेबल आहे. गृहीतकं वेगळ्या शीटवर नेली की हा अडसर येणारच. टेबल `Assump` च्या तळाशी हलवलं आणि निकालाच्या शीटवर तिथले आकडे साध्या जोडणीने आणले. काही जण यासाठी D8 निकालाच्या शीटवर हलवतात. तसं नको, मग गृहीतकं पुन्हा दोन ठिकाणी राहायला लागतात.

२८ मार्च, शुक्रवार

काकांचा ऑफिसातला शेवटचा आठवडा. रविवारी पाडवा, सोमवारी निरोप. `Assump` मधल्या २६ ओळी त्यांनी एकेक करून वाचल्या आणि "कशावरून" या रकान्यात सहा ठिकाणी स्वतः भर घातली. एका ओळीत मी फक्त "अनुभव" लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी लिहिलं : "पावसाळ्यात पिटमध्ये पाणी येतं, जुलै-ऑगस्टला सुटे भाग जास्त लागतात, मागच्या तीन वर्षांची बिलं फाईल क्र. ४ मध्ये."

५ मे, सोमवार

एप्रिलचे खरे आकडे आले. दरवाढीच्या ओळीत बजेट ४९,९२० रुपये, प्रत्यक्षात ३६,६८०. तूट १३,२४० रुपयांची. साहेबांचा अंदाज की सोसायट्यांनी घासाघीस केली.

`Assump` समोर ठेवून फोड केली. १५६ लिफ्टचं नूतनीकरण धरलं होतं, झालं १३१ चं. उरलेल्या २५ गुणिले ३२०, म्हणजे ८,००० रुपये फक्त उशिराचे. त्यांच्या सोसायट्यांच्या कमिटीची सही बाकी आहे, करार कुठे गेलेले नाहीत. झालेल्या १३१ ना सरासरी ७ टक्के वाढ मिळाली, लिफ्टमागे ४० रुपये कमी, म्हणजे ५,२४० रुपये घासाघिशीचे. साहेबांना म्हटलं, जास्त तूट सह्यांची आहे, दराची कमी. त्यांनी लगेच सर्व्हिस मॅनेजरना फोन लावला आणि त्या सोसायट्यांची नावं विचारली.

D8 मध्ये ७ टाकायचा मोह झाला. टाकला नाही, नाहीतर मंजूर बजेटच बदललं असतं आणि पुढच्या महिन्यात तुलना कशाशी करायची ते उरलं नसतं. "सुधारित अंदाज" असा नवा रकाना शेजारी उघडला, त्यात ७ टक्के, कोणी सांगितलं त्या जागी माझं नाव, आणि आजची तारीख.